लॉजिक गेटवर भाषण देताय? ७ + ५ चे १२ कसे होतात, यावर नेहमी येणारे प्रश्न

कॉलेजचा तांत्रिक मेळावा जवळ आला की प्रयोगशाळेच्या दारात कोणीतरी दोन पानी कागद घेऊन उभं असतं. विषय ठरलेला: लॉजिक गेटमुळे कॅल्क्युलेटर कसा चालतो, सोप्या शब्दांत. कागद वाचून झाला की होणारे प्रश्नही जवळपास तेच असतात. काही प्रश्न भाषण देणाऱ्याचे, काही त्याला नंतर ऐकणाऱ्यांनी विचारलेले. ते इथे एकत्र केले आहेत.

भाषणात कॅल्क्युलेटरचं काय काय सांगायचं?

एकच बेरीज सांगायची. ७ + ५. बटणापासून पडद्यापर्यंत.

बहुतेक कागद "लॉजिक गेटचे सात प्रकार असतात" या वाक्याने सुरू होतात आणि सातव्या प्रकारापर्यंत जातात. ऐकणारा तिसऱ्या प्रकाराला मोबाइल काढतो, त्यात त्याची चूक नाही. त्याला गेटची यादी नको असते. ७ दाबलं, अधिकचं चिन्ह दाबलं, ५ दाबलं आणि १२ आले, हे मधे कोणी केलं, एवढंच त्याला ऐकायचं असतं.

७ + ५ मुद्दाम निवडले आहेत. या बेरजेत तीन वेळा हातचा येतो, उत्तर नऊच्या पुढे जातं आणि शेवटी पडद्यावर २ उमटतो, ज्याची स्वतःची एक गंमत आहे. २ + ३ घेतलेत तर सगळं सुरळीत पार पडतं आणि गोष्टीतला खरा पेच येतच नाही.

गेट म्हणजे काय, हे एका मिनिटात कसं सांगू?

मी विद्यार्थ्यांना साधारण असं बोलायला सांगतो:

"एक छोटं खोकं आहे असं समजा. त्यात दोन तारा आत जातात, एक बाहेर येते. प्रत्येक तारेत दोनच गोष्टी असू शकतात: वीज आहे किंवा नाही. आहे म्हणजे १, नाही म्हणजे ०. अँड नावाचं खोकं दोन्ही तारांत १ असेल तरच बाहेर १ देतं. ऑर नावाचं खोकं दोनपैकी एकीत जरी १ असला तरी बाहेर १ देतं. नॉट नावाच्या खोक्यात एकच तार जाते आणि बाहेर उलटं येतं. आणि चौथं, आपल्या गोष्टीचा नायक, एक्स-ऑर. नेमक्या एकाच तारेत १ असेल तरच ते बाहेर १ देतं. दोन्हीत असेल तर नाही. जिन्यातला दिवा आठवा, ज्याला खाली एक बटण आणि वर एक बटण असतं. कुठलंही एक फिरवलं की दिवा लागतो, दुसरंही फिरवलं की विझतो. तो एक्स-ऑर."

इथे थांबा. नँड, नॉर, एक्स-नॉर यांची नावं घेऊ नका, या बेरजेत त्यांची गरज पडत नाही. आणि "गेट निर्णय घेतं" असंही म्हणू नका. तसं म्हटलं की मागून कोणीतरी हमखास विचारतं, कशावरून घेतं? गेटला काही कळत नाही. आत ट्रान्झिस्टर असतात, ते विजेवर चालणारे स्विच आहेत, आणि त्यांची जोडणी अशी असते की विशिष्ट वेळीच बाहेरच्या तारेला वीज मिळते. एकामागे एक लावलेले दोन स्विच आणि बल्ब दाखवला की अँड कळतो. तेच दोन स्विच शेजारी शेजारी, समांतर लावले की ऑर.

१ म्हणजे ५ व्होल्ट आणि ० म्हणजे शून्य व्होल्ट, बरोबर ना?

ढोबळपणे बरोबर, पण परीक्षक इथेच पकडतात. मेळाव्यातल्या मॉडेलमध्ये सहसा टीटीएल जातीच्या आयसी असतात, म्हणजे ७४ ने सुरू होणाऱ्या क्रमांकांच्या. त्यांच्या दृष्टीने ०.८ व्होल्टच्या खाली असेल ते सगळं ०, आणि २ व्होल्टच्या वर असेल ते सगळं १. मधल्या पट्ट्यात काय धरायचं याची हमी नसते. हा पट्टा मोकळा ठेवलेला असतो म्हणूनच थोडाफार गोंधळ तारेत शिरला तरी ० चा १ होत नाही.

भाषणात हे सांगायची गरज नाही. विचारलं तर सांगता आलं पाहिजे.

७ हा आकडा तारांत कसा जातो?

चार तारा घ्या आणि त्यांना किमती द्या: आठ, चार, दोन, एक. सात म्हणजे चार, दोन आणि एक. म्हणून आठच्या तारेत ०, बाकी तिन्हींत १, म्हणजे ०१११. पाच म्हणजे चार आणि एक, म्हणजे ०१०१.

बटण दाबल्यावर बरोबर त्याच तारा जाग्या कशा होतात, हा प्रश्न ऐकणारा विचारत नाही, पण त्याच्या डोक्यात असतो. त्याचं उत्तरही गेटच आहे. एकची तार ही १, ३, ५, ७ आणि ९ या पाच बटणांना ऑर गेटने जोडलेली असते. त्यांपैकी कुठलंही दाबलं की तिच्यात १ येतो. आठच्या तारेला फक्त ८ आणि ९ ही दोनच बटणं लागतात. ७ चं बटण एक, दोन आणि चार अशा तिन्ही तारांच्या ऑर गेटकडे जातं. मोठ्या कागदावर बटणं आणि चार तारा काढून ७ पासून निघणाऱ्या तीन रेघा रंगवल्यात, तर शब्दांची फारशी गरज पडत नाही.

गेट बेरीज कशी करतात? हाच भाग मला धड सांगता येत नाही.

कारण तुम्ही गेटपासून सुरुवात करून बेरजेकडे जाताय. उलट जा. आधी फळ्यावर बेरीज करा.

एका तारेच्या बेरजेत चारच प्रसंग आहेत. ० आणि ० मिळून ०. ० आणि १ मिळून १. १ आणि ० मिळून १. १ आणि १ मिळून दोन, पण दोन लिहायला अंक नाही, म्हणून ० मांडायचा आणि हातचा १ पुढच्या घरात न्यायचा. दुसरीत शिकलेली हातच्याची बेरीजच ही, फक्त दहाऐवजी दोनला हातचा येतो.

आता श्रोत्यांना विचारा: खाली मांडलेला अंक १ केव्हा येतो? नेमक्या एकाच तारेत १ असताना. असं वागणारं खोकं आपण आत्ताच पाहिलं. हातचा केव्हा येतो? दोन्हीत १ असताना. तेही पाहिलं. मांडायचा अंक एक्स-ऑर देतो, हातचा अँड देतो. बेरीज करणारं यंत्र तयार झालं, दोन गेटमध्ये.

या वाक्यानंतर दोन सेकंद गप्प बसा. "अच्छा" इथेच येतो. तो येण्याआधी पुढे गेलात तर उरलेलं भाषण वाया जातं.

पहिल्या घरानंतर मात्र तीन गोष्टी मिळवाव्या लागतात: वरचा अंक, खालचा अंक आणि मागून आलेला हातचा. त्यासाठी तीच जोडी दोनदा लावतात. आधी दोन अंक मिळवायचे, आलेल्या उत्तरात हातचा मिळवायचा. दोन जोड्यांचे दोन हातचे निघतात, ते ऑर गेटमधून एकत्र करून पुढे पाठवायचे. दोन्ही हातचे एकाच वेळी आले तर काय, असं एखादा चौकस श्रोता विचारतो. तसं होऊच शकत नाही. पहिल्या जोडीचा हातचा आला म्हणजे तिचा मांडलेला अंक ० आहे, आणि ० मध्ये काहीही मिळवलं तरी दुसरा हातचा येत नाही. म्हणून साधा ऑर पुरतो.

या पाच गेटच्या संचाला फुल अॅडर म्हणतात. चार तारांसाठी असे चार संच, एकाचा हातचा दुसऱ्याला देत, साखळीसारखे.

७ + ५ प्रत्यक्ष करून दाखवा ना.

```
हातचा   १ १ १ ०
७       ० १ १ १
५       ० १ ० १
----------------
उत्तर    १ १ ० ०
```

उजवीकडून चला. एकच्या घरात १ आणि १, मांडला ०, हातचा १. दोनच्या घरात १, ० आणि हातचा १, पुन्हा मांडला ०, हातचा १. चारच्या घरात १, १ आणि हातचा १, म्हणजे तीन. मांडला १, हातचा १. आठच्या घरात ०, ० आणि हातचा १, मांडला १. आले ११००. आठ आणि चार, बारा.

हे भाषणात माणसं उभी करून छान होतं. चार जण रांगेत, प्रत्येकाच्या हातात वरचा आणि खालचा अंक लिहिलेला कागद. हातचा म्हणून एक चेंडू. उजवीकडच्याने चेंडू दिल्याशिवाय पुढच्याने उत्तर सांगायचं नाही, एवढाच नियम. चेंडू हातोहात सरकताना दिसला की लोकांना हेही कळतं की सर्वांत डावीकडच्या गेटला उत्तर देण्याआधी बाकी सगळ्यांची वाट बघावी लागते. खऱ्या आयसीतही असंच होतं, फक्त प्रत्येक गेटला लागणारा वेळ काही नॅनोसेकंदांचा असतो.

आता ११०० आले. मग पडद्यावर १ आणि २ असे दोन वेगळे अंक कुठून येतात?

खरं भाषण इथे आहे, आणि निम्म्या भाषणांत ही पायरीच नसते. ११०० आले म्हणजे १२ झाले असं सांगून वक्ता मोकळा होतो. पण पडद्याच्या प्रत्येक घरात एकच अंक मावतो. पडद्याला "बारा" नावाचा अंक माहीत नाही. त्याला दशकाच्या घरात १ आणि एककाच्या घरात २ असंच हवं.

कॅल्क्युलेटर सहसा प्रत्येक दशमान अंकाला चार तारा वेगळ्या देतो. या पद्धतीला बीसीडी म्हणतात. चार तारांवर ० ते १५ असे १६ आकडे बसतात, पण आपल्याला ० ते ९ असे दहाच लागतात. १० ते १५ या सहा जागा रिकाम्या, नको असलेल्या. आपली बेरीज नेमकी त्या नको असलेल्या जागेत जाऊन पडली आहे.

उपाय फार सुंदर आहे. उत्तर नऊच्या पुढे गेलं की त्यात आणखी ६ मिळवायचे. सहा रिकाम्या जागा एका उडीत ओलांडायच्या.

```
१२      १ १ ० ०
 ६      ० १ १ ०
----------------
      १ ० ० १ ०
```

चार तारांत उरलं ००१०, म्हणजे २. आणि साखळीतून बाहेर पडलेला हातचा १ दशकाच्या घरात गेला. पडद्यावर १२. बारात सहा मिळवले तर अठरा व्हायला हवेत, मग बारा कसे, असा प्रश्न येतोच. अठराच झाले आहेत. पण बाहेर पडणाऱ्या हातच्याची किंमत या तारांच्या हिशोबात सोळा असते आणि पडद्याच्या हिशोबात दहा. सहा जास्त दिले आणि हातच्याची किंमत सहाने कमी धरली. हिशोब चुकता झाला.

पण उत्तर नऊच्या पुढे गेलं हे गेटला कसं कळणार?

तीन प्रसंग ओळखले की पुरे. आठच्या आणि चारच्या तारेत एकाच वेळी १ असेल तर आकडा १२ किंवा जास्त आहे. आठच्या आणि दोनच्या तारेत १ असेल तर तो १०, ११, १४ किंवा १५ आहे. आणि चारही घरं ओलांडून हातचा बाहेर पडला असेल तर उत्तर १६ किंवा त्याहून मोठं आहे. दोन अँड गेट आणि त्यांना व हातच्याला एकत्र करणारे दोन ऑर गेट. झालं.

तिसरा प्रसंग विद्यार्थी विसरतात. मग ७ + ५ नीट येतं, ८ + ४ नीट येतं, आणि ९ + ९ ला १८ ऐवजी २ दिसतो. कारण अठराचे चार तारांवर ००१० उरतात, दिसायला निरुपद्रवी दोन. म्हणून मॉडेल तपासताना पहिली बेरीज ९ + ९ करा.

एवढी खटपट कशाला? सगळं सरळ द्विमानात करून शेवटी एकदाच दशमानात आणता येणार नाही का?

येतं, आणि संगणक बहुधा तसंच करतो. पण ०.१ हा आकडा द्विमानात कधीच पूर्ण बसत नाही. एकाला तीनने भागल्यावर जशी तीनांची रांग संपत नाही तशी तिथेही रांग संपत नाही. कॅल्क्युलेटरवर लोक पैशाचे हिशोब करतात, दशांश सतत येतात. अंक दशमान ठेवले की ०.१ हा ०.१ च राहतो. शिवाय बटणावरून आलेला अंक तसाच पडद्यावर जायचा असतो, मधे भाषांतर करायला नको.

पडद्यावर २ कसा उमटतो?

सात पट्ट्या असतात. तीन आडव्या, चार उभ्या. प्रत्येक पट्टीला स्वतःची छोटी गेटजोडणी असते, आणि ती एकच प्रश्न सोडवते: या अंकाला मी पेटायचं की नाही?

सातही पट्ट्या समजावू नका. एकच घ्या, खालची उजवी उभी. ० ते ९ अंक डोळ्यांसमोर आणा. ही पट्टी प्रत्येक अंकात पेटलेली असते, फक्त २ मध्ये नसते. श्रोत्यांना शोधायला लावा, मजा येते. म्हणजे तिची अट अशी झाली: चारच्या तारेत १ असेल, किंवा एकच्या तारेत १ असेल, किंवा दोनच्या तारेत ० असेल, तर पेट. २ म्हणजे ००१०. चारच्या तारेत ०, एकच्या तारेत ०, दोनच्या तारेत १. तिन्ही अटी फसल्या, पट्टी विझली, आणि २ दिसला. एक नॉट, दोन ऑर.

बोट काढल्यावर ७ कुठे जातो? गेटमध्ये तर काही साठत नाही.

हा प्रश्न विचारणाऱ्याला जवळ बोलवा, त्याने नीट ऐकलंय. आतापर्यंतची सगळी जोडणी आत्ता तारेत काय आहे एवढ्यावरच चालते. ५ दाबताना ७ चं बटण सुटलेलं असतं.

आठवण राहण्यासाठी गेटचं उत्तर फिरवून गेटलाच परत द्यायचं. दोन नँड गेट घ्या, म्हणजे अँडचं उत्तर उलटं करून देणारी, पहिल्याचं उत्तर दुसऱ्यात आणि दुसऱ्याचं पहिल्यात. एकदा ढकललं की दोघं एकमेकांना धरून ठेवतात, ढकलणारा हात काढला तरी. याला लॅच म्हणतात. चार तारांसाठी चार लॅच की ७ अडकून बसला. मेळाव्याच्या मॉडेलमध्ये बहुतेक जण बटणांऐवजी वर-खाली होणारे स्विच लावून हा प्रश्न टाळतात. टाळायला हरकत नाही, पण टाळलं आहे हे भाषणात कबूल करा.

मॉडेलला कोणत्या आयसी लागतील?

फुल अॅडर गेट-गेट जोडून करायचे तर एक्स-ऑरच्या ७४८६ दोन, अँडच्या ७४०८ दोन आणि ऑरची ७४३२ एक. पाच आयसी आणि तारांचं जंगल. एकच घर असं उघडं करून दाखवा आणि बाकीच्यासाठी ७४८३ वापरा, तिच्यात चार घरांची अख्खी साखळी असते. एक मूळ बेरजेला, एक सहा मिळवायला, अशा दोन लागतात. पडद्याच्या पट्ट्यांसाठी ७४४७, तिला कॉमन अॅनोड जातीचा पडदा लागतो, आणि प्रत्येक पट्टीच्या तारेत साधारण ३३० ओहमचा रोध. ५ व्होल्टचा स्थिर पुरवठा.

दुसऱ्या ७४८३ ला सहा कसे द्यायचे? नऊच्या पुढे गेल्याची खूण देणारी तार तिच्या दोनच्या आणि चारच्या आतल्या पिनांना जोडायची, आठच्या आणि एकच्या पिना जमिनीला, म्हणजे पुरवठ्याच्या शून्य व्होल्टला. खूण ० असेल तर ० मिळतात, १ असेल तर ६. तीच खूण दशकाच्या पडद्याला १ म्हणून जाते.

एक इशारा. कोपऱ्यांत वीज देण्याची सवय ७४८३ ला घातक आहे. तिचा ५ व्होल्ट पिन ५ वर आणि जमीन पिन १२ वर असते, दोन्ही मधे. ७४२८३ ही तेच काम करते आणि तिची वीज नेहमीप्रमाणे १६ आणि ८ वर असते. आयसीवरचा क्रमांक वाचूनच वायर लावा.

मॉडेल ऐन वेळी चुकीचं उत्तर देऊ लागलं तर?

एका मेळाव्यात माझ्या गटाचं मॉडेल सकाळी बरोबर चाललं आणि परीक्षक समोर आल्यावर ७ + ५ ला १३ दाखवू लागलं. भाषण देणाऱ्या मुलीने सगळे स्विच तपासले, मी पुरवठा तपासला. शेवटी तिनेच सगळे स्विच शून्यावर नेले. पडद्यावर १. शून्य आणि शून्य मिळून एक! म्हणजे कुठून तरी फुकटचा हातचा येत होता.

७४८३ ला मागून येणाऱ्या हातच्याची एक पिन असते. पहिल्या घरामागे कोणी नाही, म्हणून ती जमिनीला जोडायची असते. ती तार ब्रेडबोर्डमधून निसटली होती. टीटीएलमध्ये मोकळी सुटलेली पिन ० होत नाही, ती १ सारखी वागते. जमिनीची तार परत खोचली आणि १२ आले.

दोन ७४८३ पैकी कुणाची तार सुटली हे ओळखायला ९ + ० करा. पहिलीची सुटली असेल तर १० दिसतील, कारण जास्तीचा एक सहा मिळवण्याआधीच शिरला आणि पुढचं सगळं नियमाने झालं. दुसरीची सुटली असेल तर तपासणीला ९ च दिसतात, सहा मिळत नाहीत, आणि नंतर शिरलेल्या एकामुळे पडद्याला १०१० मिळतात. तिथे खालच्या अर्ध्या भागात एक विचित्र छोटी आकृती दिसते.

या आकृत्या ओळखून ठेवा. ७४४७ ला नऊच्या पुढचा आकडा दिला की ती गप्प बसत नाही. १२ दिले तर वरच्या अर्ध्या भागात छोटी वाटी दिसते. ७ + ५ करून ती वाटी दिसली की समजा बेरीज बरोबर झाली, सहा मिळवणारा भाग झोपलाय. मी विद्यार्थ्यांना तर दुसऱ्या ७४८३ कडे जाणारी खुणेची तार मुद्दाम काढून, त्या दोन पिना जमिनीला लावून वाटी दाखवायला सांगतो. सहा का मिळवायचे, हे त्यानंतर कुणाला समजवावं लागत नाही.

६ ला डोक्यावरची आडवी पट्टी नसेल तर घाबरू नका. ७४४७ चा ६ तसाच असतो.

वजाबाकी आणि गुणाकाराचं काय?

भाषणात दोन वाक्यं पुरेत. वजाबाकी म्हणजे पूरक संख्येची बेरीज: एका अंकासाठी ५ वजा करायचे तर ९ मधून ५ काढून आलेले ४ मिळवायचे, आणखी १ मिळवायचा आणि बाहेर पडलेला हातचा सोडून द्यायचा. ७ − ५ साठी ७ + ४ + १ म्हणजे १२, हातचा सोडला की २. गुणाकार म्हणजे पुन्हा पुन्हा बेरीज आणि घर सरकवणं. त्यापुढे कोणी विचारलं तर फळ्याजवळ न्या, मंचावर नको.

इतिहास घालू का?

एकच प्रसंग घाला. १९३७ मध्ये जॉर्ज स्टिबिट्झ या बेल लॅब्जमधल्या गणितज्ञाने घरी स्वयंपाकघराच्या टेबलावर टेलिफोनचे रिले, बल्ब आणि पत्र्याच्या पट्ट्यांचे स्विच जोडून दोन द्विमान अंकांची बेरीज करणारी जोडणी केली. तुमच्या मॉडेलचा हा आजोबा आहे, आणि तोही टेबलावरच बनला. जॉर्ज बूल आणि क्लॉड शॅनन यांची नावं परीक्षकांसाठी राखून ठेवा: बूलचं तर्काचं बीजगणित १९व्या शतकातलं, ते स्विचच्या जोडणीला लागू पडतं हे शॅननने १९३७ च्या आपल्या पदव्युत्तर प्रबंधात दाखवलं.

खऱ्या कॅल्क्युलेटरमध्ये प्रत्येक अंकाला असे वेगळे अॅडर असतात का?

असायलाच हवेत असं नाही. सुरुवातीच्या बऱ्याच एका-चिपच्या कॅल्क्युलेटरांत चार तारांची एकच बेरीज-जोडणी असे. एकक मिळवायचे, हातचा लॅचमध्ये ठेवायचा, मग त्याच जोडणीत दशक आणायचे, मग शतक. क्रम सांभाळायला चिपमध्येच कायमचा कोरलेला छोटा कार्यक्रम असतो. माणसाला उत्तर एका क्षणात हवं असतं आणि गेटच्या मानाने तो क्षण प्रचंड मोठा असतो, म्हणून एकच जोडणी वापरून जागा आणि वीज वाचवणं परवडतं.

इंटेलने १९७१ मध्ये विकायला आणलेली ४००४ ही चिप मुळात बिझिकॉम या जपानी कंपनीच्या कॅल्क्युलेटरसाठीच बनवलेली होती. ती एका वेळी चार तारांचंच काम करते, आणि तिच्या आज्ञांच्या यादीत `DAA` नावाची एक आज्ञा आहे. उत्तर नऊच्या पुढे गेलं असेल किंवा हातचा बाहेर पडला असेल, तर ती आज्ञा त्यात ६ मिळवते.